नुसता हात आला, तर ओ कशी द्यायची?

*अडीच वर्षांपूर्वी माझ्याच टीममध्ये असलेल्या मैत्रिणीचा परवा रात्री ९.४० ला व्हॉट्सॲपवर मेसेज आला. मेसेज म्हणजे काय, नुसता 👋. पुढेमागे एक शब्द नाही. वर सरकवून पाहिलं तर शेवटचा मेसेज माझाच, चौदा महिन्यांपूर्वीच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, आणि त्यांना उत्तर आलेलं नव्हतं. मी चार वेळा काहीतरी लिहिलं आणि पुसलं. ‘हाय’ कोरडं वाटतं, नुसता हात परत पाठवणं पोरकट वाटतं, आणि सगळी चौकशी करत बसले तर गळ्यात पडल्यासारखं होईल. ती कशी आहेस म्हणतेय, काम आहे म्हणतेय, चुकून बोट लागलंय, की टाटा करतेय? आता तीन दिवस होऊन गेले. काय लिहू?*
*— पुसून पुसून थकलेली*

आधी उत्तर, कारण आणखी एक दिवस घालवण्यात अर्थ नाही. आज हे पाठवा:

> अगं! 👋 किती दिवसांनी. अजून त्याच टीममध्ये आहेस का?

एवढंच. याहून लांब नको आणि याहून आखूडही नको. आता असंच का, ते सांगतो. कारण ते कळलं की पुढच्या वेळी चार वेळा लिहून पुसावं लागणार नाही.

टाटाची शंका आधी काढून टाकू. हात हलवण्याची गंमतच ही की येणाऱ्यालाही आपण हात करतो आणि जाणाऱ्यालाही. इमोजीतही तेच उतरलंय. युनिकोडच्या यादीत हे चिन्ह २०१० साली आलं. त्याचा क्रमांक U+1F44B आणि नाव WAVING HAND SIGN, म्हणजे फक्त ‘हलणारा हात’. येताना की जाताना, याबद्दल त्या नावात अवाक्षर नाही. अर्थ चित्रात नसतोच, तो संभाषणात कुठे बसलाय यावरून ठरतो. निरोप घ्यायला आधी काहीतरी चालू असावं लागतं. समजा रात्री दहाला तुमचं बोलणं सुरू आहे, १०.२० ला ती लिहिते ‘चल, उद्या लवकर उठायचंय’ आणि १०.२१ ला 👋 येतो. हा टाटा. त्याला उत्तर म्हणून तसाच हात पुरतो, आणि नाही पाठवला तरी कुणी मनाला लावून घेत नाही. तुमच्याकडे मात्र चौदा महिने काहीच चालू नव्हतं. जिथे कुणी बसलेलंच नाही तिथून कोण उठून जाणार? तेव्हा हा हात येणाऱ्याचा आहे.

हातातून राग काढणारेही असतात. वादावादीच्या शेवटच्या वाक्यानंतर मिनिटभरात आलेला 👋 म्हणजे ‘चालू पड’. पण त्यालाही लगेच वर एखादं तापलेलं वाक्य लागतं. तुमच्या वरच्या ओळीत वाढदिवसाचा केक आहे. ही शंकाही सोडून द्या.

आता चुकून लागला का, ते पाहू. हे अंदाजाने ठरवू नका, पडद्यावर पाहून ठरवा. तीन ठिकाणी नजर टाकायची.

पहिली, त्या हाताच्या वर एखादी बारीक पट्टी आहे का? तुम्ही स्टेटसला फोटो टाकला असेल आणि तिने त्यावरून उत्तर दिलं असेल, तर इमोजीच्या वर त्या स्टेटसचा छोटा तुकडा दिसतो. स्टेटस स्वतः २४ तासांत जातं, त्यामुळे तीन दिवसांनी आपण काय टाकलं होतं तेच आठवत नाही आणि तो हात आभाळातून पडल्यासारखा वाटतो. पट्टी असेल तर प्रश्नच मिटला. तिने तुमच्या फोटोला हात केलाय, तुम्ही फोटोबद्दल बोला.

दुसरी, हा स्वतंत्र मेसेज आहे की तुमच्या जुन्या शुभेच्छांच्या फुग्याला खाली चिकटलेलं छोटं चिन्ह? चिकटलेलं असेल तर ती प्रतिक्रिया आहे, म्हणजे चौदा महिने उशिरा दिलेली पोच. जुनं चॅट चाळताना बोट जरा जास्त वेळ टेकलं की प्रतिक्रियांची ओळ उघडते आणि त्यातलं एखादं चुकून दाबलं जाऊ शकतं. पण त्या ओळीत पहिल्यांदा दिसणाऱ्या मोजक्या चिन्हांत सहसा अंगठा, हृदय, हसू अशी मंडळी असतात. हात हवा तर आत जाऊन शोधावा लागतो. तेव्हा प्रतिक्रिया असली तरी बहुधा मुद्दाम दिलेली.

तिसरी गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण फसवते. तो हात नीट मोठा करून पाहा. सूचनेच्या पट्टीत 👋 आणि 👏 जवळजवळ सारखेच दिसतात. एकात एक पंजा आणि बाजूला हलण्याच्या छोट्या रेघा, दुसऱ्यात दोन हात. दुसरा असेल तर ती टाळ्या वाजवतेय, आणि मग कशाबद्दल ते शोधावं लागेल. तुम्ही पत्रात 👋 च टाइप केलाय, म्हणजे हे तुम्ही तपासलं असेल असं धरतो.

हातांचा एक प्रकार माणसाने लिहिलेला नसतोच, ॲपने पुढे केलेला असतो. टेलिग्रामवर कुणाशी एकही शब्द बोलणं झालेलं नसेल तर रिकाम्या चॅटच्या मध्यभागी एक नमस्काराचं स्टिकर येतं, त्याला टिचकी मारली की ते समोरच्याला पाठवलं जातं. डिस्कॉर्डवर नवा सदस्य आला की त्याच्या स्वागताच्या ओळीखाली हात करण्याचं बटण असतं. मेसेंजरमध्येही फेसबुकने २०१७ च्या सुमारास असं बटण आणलं होतं आणि ते नावांच्या यादीत इतकं हाताशी होतं की बोट सहज लागायचं. अशा हातामागे फार तर अर्ध्या सेकंदाचा विचार असतो. त्याचा अर्थ शोधत बसू नये, वाटलं तर तसाच हात परत करावा. व्हॉट्सॲपवर दोघींचं जुनं बोलणं असलेल्या चॅटमध्ये मात्र असं होत नाही. तिने तुमचं नाव शोधलं, चॅट उघडलं, इमोजीचा पट्टा काढला, हात निवडला आणि पाठवायचं बटण दाबलं. एवढं सगळं एका चुकीत होत नाही. आणि एक: हात भला मोठा दिसला म्हणून ती ओरडतेय असं नाही. मेसेजमध्ये फक्त एकच इमोजी असला की ॲप आपणहून त्याला मोठा करतं.

आता मूळ मुद्दा. अडीच वर्षांनी माणूस एक शब्दही न लिहिता हात का करतो?

संभाषणाचा बारकाईने अभ्यास करणारे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ इमॅन्युएल शेग्लॉफ यांनी १९६८ साली एक लेख लिहिला. टेलिफोनवरचं बोलणं सुरू कसं होतं, हा विषय. त्यांच्याकडे सुमारे ५०० कॉलची ध्वनिमुद्रणं होती. त्यांच्या लक्षात आलं की फोनची घंटा हीच पहिली बोलणारी असते. घंटा म्हणजे हाक, उचलणाऱ्याचं ‘हॅलो’ म्हणजे त्या हाकेला दिलेली ओ. आणि ओ मिळाली की हाक मारणाऱ्यावर एक जबाबदारी येते: हाक का मारली ते आता त्याने सांगायचं. आपल्या भाषेत हे सगळं दोन शब्दांत आधीपासून आहेच, हाक आणि ओ. ‘अगं ए’ म्हटल्यावर ‘काय गं’ आलं नाही, तर कुणी पुढचं वाक्य बोलत नाही, पुन्हा हाकच मारतं.

तुमच्या मैत्रिणीचा हात ही घंटा आहे. तिला काही सांगायचंय, विचारायचंय किंवा नुसतं बोलायचंय, पण पलीकडे कुणी उचलतंय का, हे ती आधी पाहतेय. चार ओळी लिहून उत्तर आलं नाही तर जीवाला लागतं. नुसत्या हाताला नाही आलं तर ‘असू दे, सहज केला होता’ म्हणून सोडता येतं. त्यात तुमच्या शुभेच्छांना उत्तर द्यायचं तिच्याकडून राहिलंय, आणि चॅट उघडताच तिला ते समोर दिसलं असणार. शब्दांनी सुरुवात करायची तर ‘सॉरी गं, तेव्हा राहून गेलं’ हे आधी लिहावं लागलं असतं. हात केला की ते टळतं. हे शंभर टक्के असंच असेल अशी खात्री कुणी देणार नाही, पण जुन्या ओळखीत शेवटचा मेसेज समोरच्याचा असताना नुसता हात येतो, तेव्हा हे कारण फार वेळा निघतं. म्हणून तुमच्या उत्तरात त्या शुभेच्छांचा उल्लेख चुकूनही नको. ‘बरं झालं, आठवण तरी आली’ हे आपण गमतीने लिहितो, पण वाचणाऱ्याला ते बरोबर दुखऱ्या जागी लागतं.

इथून उत्तराची बांधणी आपोआप निघते. पहिला भाग ओ, दुसरा भाग एक सोपा प्रश्न.

ओ शब्दांत हवी, नुसत्या हातात नको. तुमची शंका बरोबर होती, फक्त कारण पोरकटपणा हे नाही. 👋 ला 👋 पाठवला की दोन वेगळे अर्थ एकदम लागू पडतात. तिने हाक मारली असेल तर तुमचा हात ही ओ झाली, आता तिने बोलायचं. पण तिने नमस्कार केला असेल तर तुमचा हात हा परतीचा नमस्कार, म्हणजे हिशोब पुरा, आता कुणीच काही बोलायचं नाही. मग तुम्ही म्हणता, मी उत्तर दिलं, आता पाळी तिची. ती म्हणते, मी सुरुवात केली होती, पुढे न्यायचं असतं तर हिने काहीतरी लिहिलं असतं. दोघीही बरोबर, आणि चॅट पुन्हा चौदा महिने झोपतं. दोन हात एकमेकांसमोर पडून राहिलेले असे चॅट बहुतेकांच्या फोनमध्ये सापडतील. ‘अगं!’ या दोन अक्षरांचं काम इथे मोठं आहे. ते ऐकल्याची खूणही देतं आणि स्वरही. तिचा हात परत केलाय तो सोबतीला, त्याच्यावर भार नाही.

‘हाय’ तुम्हाला कोरडं वाटलं, ते वाटणंही खरं आहे. ‘हाय’ हा हातापेक्षाही कमी बोलतो. हातात निदान हालचाल आहे. नुसतं प्रश्नचिन्ह तर अजिबात नको. ‘?’ चा अर्थ ‘मला कळलं नाही, नीट सांग’ असा होतो, आणि जिने आधीच बिचकत हात केलाय तिला आता खुलासा द्यावा लागतो. ‘बोल, काय काम काढलंस?’ हे ऑफिसात चालतं. रोजच्या सहकाऱ्याने कामाच्या वेळात हात केला तर ‘हो, बोला’ एवढंच लिहावं, तिथे हाकेमागे काम असणार हे दोघांनाही ठाऊक असतं. जुन्या मैत्रिणीला मात्र हेच वाक्य ‘कामाशिवाय कशाला आठवण काढशील’ असं ऐकू येतं. आणि समजा तिचं खरंच काम असेल, तर ती दोन मेसेज इकडचंतिकडचं बोलून सांगेलच. तेवढी आडवळणाची सोय तिला राहू द्या.

आता प्रश्न. आपल्याला सवय ‘कशी आहेस?’ची. त्याचं पुढे काय होतं, पाहा:

> अगं! कशी आहेस?
> मस्त! तू?
> मी पण मस्त 🙂
> 🙂

चार मेसेज, आणि दोघींना एकमेकींबद्दल काहीही नवीन कळलं नाही. या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं, उलट प्रश्नही ठरलेला असतो, आणि तो संपला की पुढे भिंत. म्हणून प्रश्न असा हवा की उत्तर एका ओळीत देता येईल, पण ते ‘मस्त’ नसेल. त्यासाठी तुम्हाला तिच्याबद्दल शेवटचं जे पक्कं माहीत आहे तिथून सुरुवात करा. तुम्ही दोघी एका टीममध्ये होतात, म्हणून ‘अजून त्याच टीममध्ये आहेस का?’ ‘हो गं, अजून तिथेच, साहेब मात्र बदलले’ किंवा ‘नाही, सहा महिन्यांपूर्वी सोडलं’, काहीही आलं तरी त्याला धरून पुढे बोलता येतं. आणि नोकरीबद्दलच विचारायला तिने हात केला असेल, तर दार आपोआप उघडतं.

काय विचारू नये, याचीही एक खूण आहे: ज्याचं उत्तर वाईट असू शकेल ते पहिल्या मेसेजमध्ये नको. लग्न, मूल, आईवडिलांची तब्येत, कुणाशी चालू होतं त्याचं काय झालं. अडीच वर्षांत यातलं काहीही बदललेलं असू शकतं, आणि तिला पहिल्याच उत्तरात ते सांगावं लागलं तर ती उत्तरच लांबणीवर टाकेल. नोकरीच्या प्रश्नातही हा धोका थोडा आहेच. तिला काढून टाकलं असेल तर? म्हणून ‘त्याच टीममध्ये आहेस का’ असं नेमकं विचारायचं, ‘प्रमोशन झालं का’ असं नाही. टीम बदलणं ही रोजची गोष्ट असते, तिच्या आड राहून हवं तेवढंच सांगता येतं. आणि प्रश्न एकच. तीन प्रश्न एकदम विचारले की उत्तर देणं हे काम होऊन बसतं, मग माणूस ‘निवांत लिहीन’ म्हणतो आणि लिहीत नाही. गळ्यात पडल्यासारखं वाटण्याची तुमची भीती इथे खरी ठरते. ती मायेमुळे वाटत नाही, प्रश्नांच्या संख्येमुळे वाटते.

तीन दिवसांच्या उशिराचं काय करायचं? काही नाही. नुसत्या हाताला आठवडाभरात दिलेलं उत्तर उशिराचं धरलं जात नाही, कारण त्यात तातडीचं काही नव्हतंच. ‘सॉरी, खूप बिझी होते, आत्ता पाहिलं’ असं तर लिहूच नका. तुम्ही चॅट उघडलंत तेव्हा वाचल्याच्या निळ्या खुणा दोघींकडे चालू असतील, तर तीन दिवसांपूर्वीच तिला त्या दिसल्यात. शिवाय तुम्ही लिहून पुसत होतात त्या वेळी तिने चॅट उघडं ठेवलं असेल, तर तुमच्या नावाखाली टाइप करत असल्याचं चार वेळा दिसून गेलं असेल. घाबरू नका, हे तुमच्या बाजूचंच आहे, हिला काहीतरी लिहायचं होतं एवढं तिला कळलं. पण त्यावर ‘आत्ता पाहिलं’ ही ओळ उघडी पडते. पंधरावीस दिवस गेले असते तर ‘तुझा हात पाहिला होता, लिहायचं राहिलं’ एवढं पुरलं असतं.

पाठवण्याची वेळ तिनेच सुचवलीय. तिने रात्री ९.४० ला हात केला, म्हणजे त्या सुमारास तिचा फोन हातात असतो आणि मन रिकामं असतं. साडेनऊच्या आसपास पाठवा. सकाळी कामाच्या गडबडीत पाठवलेलं ती वाचेल, हसेल आणि संध्याकाळपर्यंत विसरेल. पाठवताना घाईत नुसताच 👋 गेला, तर पुसू नका. पुसलेल्या मेसेजच्या जागी ‘हा मेसेज डिलीट केला’ अशी ओळ राहते आणि आता तीच बिचारी तुम्हाला पत्र लिहायला बसेल. व्हॉट्सॲपवर पाठवल्यापासून १५ मिनिटांपर्यंत मेसेज संपादित करता येतो. त्यावर बोट दाबून धरा, संपादनाचा पर्याय घ्या, हाताच्या आधी ‘अगं!’ आणि नंतर प्रश्न जोडा.

आता पुढे काय काय होऊ शकतं. ती लगेच भरभरून लिहील, मग तुम्हाला आमची गरज नाही. ती एका ओळीत उत्तर देईल आणि उलट काही विचारणार नाही. तर तिच्या उत्तरातला एक शब्द उचलून आणखी एकदाच पुढे जा: ‘सोडलंस? मग आता काय चाललंय?’ त्यालाही ‘असंच’ आलं तर थांबा. हाक तिने मारली होती, आता कारण तिच्याकडे आहे, तुम्ही ते ओढून काढायचं नाही. किंवा उत्तरच येणार नाही. दोन करड्या खुणा दिवसभर तशाच राहिल्या म्हणून तिने वाचलं नाही असं होत नाही, वाचल्याच्या खुणा बंद ठेवणारे पुष्कळ असतात. काहीही असो, दुसरा मेसेज ‘काय झालं?’ म्हणून पाठवू नका. ओ एकदाच द्यायची असते. दोनदा दिली की ती हाक होते, आणि मग दोघींमध्ये कुणी कुणाला बोलावलं होतं हेच हरवतं.

एक शक्यता मात्र जरा सावध राहून पाहायची. तुमच्या ‘ओ’ला उत्तर म्हणून गप्पांऐवजी लगेच पैशांची नड आली, किंवा ‘चुकून तुझ्या नंबरवर सहा आकडी कोड आलाय, तेवढा पाठव’ असं आलं, तर समोर तुमची मैत्रीण नाही असं धरा. व्हॉट्सॲपचं खातं दुसऱ्या फोनवर सुरू करायला सहा आकडीच कोड लागतो. एखाद्याचं खातं बळकावलं की त्याच्या यादीतल्या जुन्या ओळखींना आधी असाच निरुपद्रवी हात किंवा ‘हाय’ पाठवला जातो. कोण ओ देतंय ते पाहायचं असतं, बाकी पद्धत तीच. जुनी ओळख त्यांना सोयीची, कारण अडीच वर्षांत बोलण्याची ढब बदलली असेल असं समजून आपण दुर्लक्ष करतो. अशा वेळी चॅटमध्ये ‘तूच आहेस ना?’ विचारून उपयोग नाही, ‘हो’ कुणीही लिहील. तिला साधा फोन लावा आणि आवाज ऐका. कोड मात्र कुणालाच द्यायचा नाही, ती खरी असली तरी. तिच्यासाठीचा कोड तुमच्या नंबरवर येण्याचं कारणच नसतं.

नंबर जतन केलेला नसता तर आमचा सल्ला उलटा असता. अनोळखी नंबरवरून नुसता हात आला तर ओ देऊ नये. ओ दिली की हा नंबर चालू आहे आणि याच्यामागचा माणूस उत्तर देतो, एवढं पलीकडे कळतं, आणि फसवणाऱ्याला पहिल्या दिवशी तेवढंच हवं असतं. खरोखर ओळखीचा माणूस असेल तर तो पुढच्या मेसेजमध्ये नाव सांगतो. नंबर ओळखीचा वाटतोय पण नाव लागत नाही, अशी अडचण असेल तर ‘कोण?’ असं तोडून न विचारता ‘हा नंबर माझ्याकडे सेव्ह नाहीये, नाव सांगाल का?’ असं लिहावं. तुमच्याकडे तिचं नाव आहे, जुनं बोलणं आहे आणि केकचं चित्रही आहे. तेव्हा आज साडेनऊला, वर लिहिलेली ओळ. ‘टीम’च्या जागी तुम्ही दोघी त्या जागेला जे काही म्हणत होतात तो शब्द टाका, तो तिला पटकन ओळखू येईल.